चंदनाचा टिळा आणि तिसरं व्रत



पर्युषण जवळ आलं की मंदिराच्या सामानाच्या यादीत केशर, बरास आणि चंदन ही नावं एकाखाली एक येतात. केशर घेताना आपण बायका किती चिकित्सा करतो! काडी पाण्यात टाकून बघतो, रंग किती वेळाने सुटतो ते बघतो. चंदनाचं खोड मात्र हातात घेतो, नाकाला लावतो, "छान वास आहे" म्हणतो आणि पिशवीत टाकतो. एका दुकानात जे खोड हजार रुपयांना, तसंच दिसणारं दुसऱ्या दुकानात अडीचशेला मिळतं, तरी आपल्याला प्रश्न पडत नाही. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. एकाच नावाच्या मालाचे इतके वेगळे भाव दिसले की मला दोनच शक्यता दिसतात. एक तर माल वेगळा आहे, नाही तर तो आला ती वाट वेगळी आहे. चंदनाच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडतात.

या दोन्हींसाठी आपल्याकडे जुना नियम आहे. तिसऱ्या अणुव्रताचे, म्हणजे अचौर्याचे, पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात दर वेळी आठवतो. चोराला चोरीसाठी प्रवृत्त करणं, चोरून आणलेली वस्तू घेणं, राज्याच्या नियमाविरुद्ध व्यवहार करणं, खोटं वजन-माप वापरणं आणि चांगल्या मालात हलका माल मिसळून किंवा नकली माल खरा म्हणून विकणं. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रातही हेच पाच आहेत. मला तर हे पाचही जण आजच्या चंदनाच्या बाजारात समोरासमोर भेटतात. म्हणून आज चंदनाविषयी लिहिते.

आधी झाड समजून घेऊ, कारण ते समजलं की भाव आपोआप समजतो. चंदनाचं झाड एकट्याने वाढत नाही. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटतात आणि तिथून अन्नपाणी घेतात. म्हणूनच रोपवाटिकेत चंदनाच्या पिशवीतच तुरीचं रोप लावतात आणि शेतात नेल्यावर करंज, सुरू अशी सोबतीची झाडं लावावी लागतात. आपल्या नगर जिल्ह्यात डोंगरउतारावर आणि शेताच्या बांधावर जी चंदनाची झाडं दिसतात, ती बहुतेक कोणी लावलेली नसतात. पक्षी फळ खातात, बी टाकतात, बांधावर कडुनिंब किंवा बाभूळ आधीच असते, आणि चंदन तिच्या आधाराने उगवतं.

सुगंध असतो तो खोडाच्या आतल्या गाभ्यात आणि मुळात. बाहेरचं पांढरं लाकूड बिनवासाचं. हा गाभा धरायलाच साधारण दहा वर्षं लागतात आणि तेलाने भरलेला चांगला जाड गाभा हवा असेल तर पंचवीस-तीस वर्षं थांबावं लागतं. मुळातही तेल भरपूर असल्यामुळे हे झाड तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. म्हणजे सागासारखा बुंध्याला पुन्हा फुटवा येईल ही आशाही उरत नाही. आपल्या धर्मात झाडाला एकेंद्रिय जीव मानतात. पंचवीस वर्षं वाढलेला एक जीव मुळासकट जातो तेव्हा कपाळावर टिळा येतो, एवढं तरी ध्यानात असावं.

एके काळी देशात वर्षाला सुमारे ४ हजार टन चंदनाचा गाभा निघत असे. आता तो काही शे टनांवर आला आहे. दक्षिणेत स्पाइक नावाच्या रोगाने झाडं गेली, पण चोरीने त्याहून जास्त गेली असतील. निसर्गसंवर्धनाच्या जागतिक यादीत चंदनाची नोंद 'संकटप्रवण' अशी आहे.

आता पहिले दोन अतिचार. आपल्याकडच्या वर्तमानपत्रात चंदनचोरीच्या बातम्या नव्या नाहीत. पुण्यात तर बंगल्यांच्या आणि संस्थांच्या आवारातून झाडं जातात. पद्धत ठरलेली आहे. आधी कोणी तरी दिवसा झाड हेरतं. मग गिरमिटाने बुंध्याला भोक पाडून आतला भुसा बघतात. भुसा पिवळसर आणि वासाचा निघाला तर गाभा धरला आहे असं समजायचं. रात्री हातकरवतीने झाड पाडायचं, बाहेरचं पांढरं लाकूड तासून तिथेच टाकायचं आणि गाभा तेवढा न्यायचा. कित्येकदा मनगटाएवढं कोवळं झाड पाडतात, आत काही नाही असं दिसलं की तसंच सोडून जातात. शेतकऱ्याच्या हाती सकाळी फक्त बुंधा आणि ढलप्या. बांधावरच्या चंदनाच्या बुंध्याला बोटाएवढं गोल भोक दिसलं तर ती चोराने करून ठेवलेली पाहणी समजावी आणि लगेच पोलीस आणि वनविभागाला कळवावं.

हा गाभा जातो कुठे? चोर तो स्वतःच्या देव्हाऱ्यात उगाळत नाही. तो दलालाकडे जातो, त्यातला काही अत्तराच्या धंद्यात जातो आणि काही तुकडे होऊन बिनबिलाचा पूजेच्या सामानात येतो. तिथे घेणारे आपण असतो. "मी कुठे चोरी केली, मी तर पैसे दिले" असं म्हणून सुटका होत नाही. शास्त्राने चोरलेलं घेण्याला वेगळा अतिचार म्हटलं आहे ते याचसाठी. कायदाही तेच म्हणतो. चोरीचा माल आहे हे माहीत असून किंवा तसं मानायला कारण असूनही तो घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. निम्म्याहून कमी भाव, बिल नाही आणि "कुठून आणलं ते विचारू नका" हे हसून सांगणारा दुकानदार, याहून मोठं कारण कोणतं हवं?

तिसरा अतिचार राज्याच्या नियमाचा. आपल्या महाराष्ट्रात झाडं तोडण्यासंबंधीचा १९६४ चा कायदा आहे आणि त्याच्या अनुसूचीत साग, खैर, मोह यांच्यासोबत चंदनही आहे. म्हणजे झाड स्वतःच्या बांधावरचं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही, आणि तोडलेलं लाकूड हलवायला वनविभागाचा वाहतूक परवाना लागतो. कर्नाटकात तर टिपू सुलतानाच्या काळापासून चंदन हे राजवृक्ष होतं, झाड कोणाच्याही शेतात असो, मालकी सरकारची. तिथे २००१ मध्ये आणि तामिळनाडूत २००२ मध्ये कायदा बदलला आणि झाड शेतकऱ्याचं झालं. इतकी वर्षं शेतकऱ्याला चंदन म्हणजे कटकट वाटत होतं, रोप दिसलं की तो उपटून टाकत असे. चंदन कमी होण्यात या जुन्या नियमाचाही हात आहे, हे मान्य करायला हवं. म्हणूनच आता कोणी शेतकरी सातबाऱ्यावर नोंद करून, परवानगी घेऊन, वीस-पंचवीस वर्षं राखलेलं चंदन विकत असेल, तर त्याचा माल कागदासह घेणं हे चांगलं काम आहे. चोरीच्या स्वस्त मालाने पहिला मारला जातो तो हा शेतकरी.

मग घ्यायचं कुठून? वनविभाग आपलं आणि जप्त केलेलं चंदन डेपोतून लिलावाने विकतो. केरळात इडुक्की जिल्ह्यातल्या मरयूरचं चंदन या बाबतीत प्रसिद्ध आहे, तिथल्या लिलावातून मंदिरंही चंदन घेतात. कर्नाटक सरकारच्या हस्तकला महामंडळाची 'कावेरी' दुकानं आहेत, तिथे बिलाने चंदनाच्या वस्तू मिळतात. म्हैसूरला चंदन तेलाचा सरकारी कारखाना १९१६ पासूनचा आहे. पण प्रत्येकीला म्हैसूरला जायची गरज नाही. नगरच्या दुकानातही दोन प्रश्न विचारता येतात. पहिला, "पक्कं बिल द्याल का, त्यावर चंदनाचं खोड आणि ग्रॅममध्ये वजन लिहून?" दुसरा, "तुम्ही हे ज्यांच्याकडून घेतलं त्यांचं बिल किंवा डेपोचा कागद आहे का?" नीट व्यापार करणारा या प्रश्नांनी रागावत नाही. उलट त्याला बरं वाटतं, कारण बिनबिलाच्या मालाने त्याचंही गिऱ्हाईक जातं. टाळाटाळ झाली की खोड परत ठेवायचं. वासाची चर्चा करायचीच नाही.

चौथा अतिचार वजन-मापाचा. चंदन विकताना इथे एक साधी युक्ती चालते. गाभ्यासोबत बाहेरचं पांढरं लाकूड तसंच ठेवून पूर्ण तुकडा गाभ्याच्या भावाने तोलतात. खोडाचं कापलेलं तोंड उजेडात धरा. मध्ये पिवळसर ते तपकिरी गोल आणि भोवती पांढरट कडं दिसेल. समजा १०० ग्रॅमचा तुकडा आहे आणि त्यात ४० ग्रॅम पांढरं लाकूड आहे. भाव किलोला १५ हजार लावला तर तुम्ही १,५०० रुपये देता. पण सुगंधी लाकूड ६० ग्रॅमच मिळतं, म्हणजे खरा भाव किलोला २५ हजार पडला. पांढरं कडं असणं हा गुन्हा नाही, त्याचे गाभ्याएवढे पैसे देणं हा आपला तोटा.

भुकटीत तर काय दिसणार? पांढऱ्या लाकडाचा भुसा, दुसऱ्याच लाकडाचा भुसा, वर वासाचे दोन थेंब आणि पिवळा रंग. म्हणून माझं ठाम मत आहे की पूजेसाठी भुकटी घेऊच नये. खोड घ्यावं आणि सहाणेवर उगाळावं. रोज घरी अर्धा ग्रॅम झिजतं असं धरलं तर १०० ग्रॅमचं खोड २०० दिवस पुरतं. १,५०० रुपयांच्या खोडाला दिवसाला साडेसात रुपये पडले. खरं चंदन परवडत नाही असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून बघावा. महाग पडतो तो वाया घालवण्याचा हात.

पाचवा अतिचार सगळ्यात मोठा, नकलीला खरं म्हणून विकण्याचा. कृत्रिम चंदनवास देणारी रसायनं पन्नासेक वर्षांपासून बाजारात आहेत. सॅन्डलोअर, जावानॉल ही त्यातली महाग आणि नामांकित. उदबत्तीत पडतो तो बहुधा स्वस्त प्रकार, कापराशी नातं असलेल्या कॅम्फीन नावाच्या द्रव्यापासून बनवलेला. ही रसायनं नसती तर उरलेलं चंदनही केव्हाच संपलं असतं, हेही सांगायला हवं. त्यामुळे कृत्रिम वासाला मी वाईट म्हणत नाही. त्यावर 'शुद्ध चंदन' लिहिण्याला वाईट म्हणते.

ओळखायचं कसं? पहिली परीक्षा नाकाची नाही, वहीपेन्सिलीची. गाभ्यातून ऊर्ध्वपातनाने साधारण ४ टक्के तेल निघतं असं धरू. म्हणजे १ किलो तेलाला २५ किलो लाकूड. हिशेबाला सोपं म्हणून लाकूड किलोला १० हजार धरू, चांगल्या प्रतीचं याहून महागच जातं. नुसत्या लाकडाचे झाले अडीच लाख, म्हणजे तेलाचा १ ग्रॅम २५० रुपयांचा. दहा मिलीच्या बाटलीत साधारण पावणेदहा ग्रॅम तेल मावतं, त्याचे झाले २,४०० रुपयांच्या वर. यात जळण, मजुरी, बाटली, कर, नफा काहीच धरलेलं नाही. मग २०० रुपयांच्या बाटलीवर 'शंभर टक्के शुद्ध चंदन तेल' लिहिलेलं असेल तर ते वाचून हसायचं आणि पुढे जायचं. उदबत्तीचंही तेच. १०० ग्रॅमच्या पुड्यात फक्त १ ग्रॅम खरं तेल घातलं तरी अडीचशे रुपये त्याचेच. साठ रुपयांच्या पुड्यात ते येणार कुठून?

दुसरी परीक्षा वेष्टनाची. साबणाच्या किंवा क्रीमच्या घटकांच्या यादीत 'सॅन्टॅलम आल्बम' तेल असं झाडाचं शास्त्रीय नाव असेल तर कंपनी निदान जबाबदारी घेते आहे. नुसतं 'परफ्यूम' किंवा 'फ्रॅग्रन्स' असेल आणि पुढे चंदनाचं चित्र असेल तर तो कृत्रिम वास समजावा. 'सॅन्टॅलम स्पिकॅटम' असेल तर ते ऑस्ट्रेलियातलं वेगळं झाड आहे, आपलं नव्हे. गंमत म्हणजे आपल्या चंदनाच्या बागाही आता ऑस्ट्रेलियात कुनुनुरा भागात आहेत. तेव्हा देशाचं नाव बघू नका, झाडाचं नाव बघा.

तिसरी परीक्षा खोडाची, ती मात्र घरी करता येते. खोडाची एक पातळ ढलपी चाकूने काढा आणि आतला ताजा भाग हुंगा. खऱ्या गाभ्याला आत वास जास्त ताजा येतो. वरून तेल चोळलेल्या साध्या लाकडाला वर वास भरपूर आणि आत कमी किंवा नाहीच. खऱ्या खोडाचा वास दुकानाच्या दारापर्यंत येत नाही, तो उगाळल्यावर हळूहळू उमलतो, थोडा दुधाळ, थोडा गोडसर, आणि गंध वाळल्यावरही राहतो. उगाळलेलं गंध फिकट पिवळसर असतं. हळदीसारखं पिवळं निघालं तर ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून बघा, रंग असेल तर डाग पसरेल.

तेलाच्या बाबतीत मात्र नाकावर विसंबू नका. कागदावर थेंब टाकून दुसऱ्या दिवशी वास बघायची पद्धत आहे, तिने अल्कोहोल मिसळलेलं हलकं अत्तर उघडं पडतं. पण भारी कृत्रिम रसायनं खऱ्या तेलाइतकीच टिकतात. शिवाय आफ्रिकेतल्या ओसायरिस नावाच्या झाडाचं तेल चंदनात मिसळतात, तेही नाकाला फसवतं. खात्री होते ती प्रयोगशाळेतल्या गॅस क्रोमॅटोग्राफीनेच. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे खऱ्या तेलात अल्फा सॅन्टॅलॉल ४१ ते ५५ टक्के आणि बीटा सॅन्टॅलॉल १६ ते २४ टक्के असावं लागतं. घरच्या दोन थेंबांसाठी हे कोणी करणार नाही, पण मंदिराचा ट्रस्ट वर्षाचं तेल एकदम घेत असेल तर त्या लॉटचा अहवाल मागणं हे त्यांचं कामच आहे.

रक्तचंदनाबद्दल एक वाक्य. ते वेगळंच झाड आहे, आंध्रातल्या शेषाचलम डोंगरांतलं, त्याला सुगंध नसतो. कोणी वासाचं रक्तचंदन विकत असेल तर वास त्याने घातलेला आहे.

माझी सून एकदा म्हणाली, "आई, इतकं सगळं बघायचं तर चंदन सोडूनच दिलं तर?" प्रश्न बरोबर आहे. आपल्यातले स्थानकवासी चंदनाशिवायच धर्म करतात, त्यांचं काही अडत नाही. मला वाटतं सोडायचं तर आधी देखावा सोडावा. मिरवणुकीत उडवायच्या पाण्यात, स्वागताच्या टिळ्यात, हॉलमध्ये दरवळ हवा म्हणून चंदन नको. अंत्यविधीत चितेवर चंदनाची लाकडं ठेवायची चाल तर बंदच व्हावी. गेलेल्या जीवाची गती त्याच्या कर्माने ठरते, चितेतल्या लाकडाने नाही, हे आपण इतरांना शिकवतो. त्या लाकडाचे पैसे जीवदयेला द्यावेत. उदबत्तीत कृत्रिम वास चालतो, फक्त तो कृत्रिम म्हणून घ्यावा. आणि खरं चंदन ठेवायचं ते नवांगी पूजेच्या वाटीपुरतं, नऊ अंगांना लागेल तेवढंच उगाळलेलं.

मंदिराच्या ट्रस्टींना माझी एकच विनंती आहे. चंदनाचा चढावा आपण लाखांत बोलतो, त्याची पावती फाडतो, ती हिशेबात धरतो. त्याच हिशेबाच्या फाइलमध्ये चंदनाच्या खरेदीचं बिलही लावा, वजनासह, आणि वार्षिक सभेत ते वाचून दाखवा. ज्या वर्षी कागदाचं चंदन मिळालं नाही त्या वर्षी कमी उगाळा. प्रभूच्या अंगठ्याला लागणारा टिळा कोणाच्या तरी बांधावरून रात्री कापून आणलेला नसावा, याची खात्री करणं हीसुद्धा पूजेची तयारीच आहे.